विश्लेषण : एका टी-शर्टची किंमत १८ फ्रेम! लोकवर्गणीतून ॲनिमेशन मालिका करताना बक्षिसे आणि व्हिडिओ कसे ठरवतात?

प्राइम व्हिडिओवरची ‘द लेजंड ऑफ व्हॉक्स मशिना’ ही ॲनिमेशन मालिका अनेकांनी पाहिली असेल. तिची सुरुवात मात्र कोणत्याही स्टुडिओच्या बैठकीत झाली नाही. मार्च २०१९ मध्ये ‘क्रिटिकल रोल’ या अमेरिकेतील व्हॉइस आर्टिस्टच्या गटाने किकस्टार्टर या क्राउडफंडिंग संकेतस्थळावर २२ मिनिटांच्या एका विशेष भागासाठी साडेसात लाख डॉलर मागितले. तासाभरातच ती रक्कम जमली. मोहीम संपली तेव्हा ८८,८८७ लोकांनी मिळून १ कोटी १३ लाख ८५ हजार डॉलर दिले होते. एका भागाचे दहा भाग झाले, पुढे ॲमेझॉनने आणखी भागांची ऑर्डर दिली.

हे वाचून भारतातल्या एखाद्या छोट्या टीमला ‘आपणही करून पाहू’ असे वाटणे साहजिक आहे. पण अशा मोहिमेत पैसे जमवणे हा अर्धाच भाग असतो. जमलेल्यातले किती पैसे पडद्यावर दिसणार आणि किती कुरिअरच्या पावत्यांत जाणार, हे ठरते मोहीम सुरू होण्याआधी, बक्षिसांचा तक्ता लिहिताना.

रिवॉर्ड टियर म्हणजे नेमके काय?

क्राउडफंडिंगमध्ये पैसे देणाऱ्याला कंपनीत हिस्सा मिळत नाही. त्याला रकमेनुसार काहीतरी परत मिळते. २०० रुपये दिले तर श्रेयनामावलीत नाव, १,५०० दिले तर पोस्टकार्डांचा संच, १०,००० दिले तर आणखी काही. या पायऱ्यांना ‘रिवॉर्ड टियर’ म्हणतात आणि पैसे देणाऱ्यांना ‘बॅकर’, म्हणजे पाठीराखे. किकस्टार्टरवर ‘सगळे किंवा काहीच नाही’ असा नियम आहे. ठरवलेले उद्दिष्ट मुदतीत पूर्ण झाले नाही, तर कोणाच्याही कार्डावरून पैसे कापले जात नाहीत.

किकस्टार्टरने मोहीम उघडण्यास मान्यता दिलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. इथून पैसे देता येतात, मागता येत नाहीत. पण भारतात लोकवर्गणीतून ॲनिमेशन झालेच नाही असेही नाही. बेंगळूरुच्या रविशंकर यांचा ‘पुण्यकोटी’ हा संस्कृत ॲनिमेशनपट मुंबईच्या ‘विशबेरी’ या संकेतस्थळावरच्या मोहिमेतून उभा राहिला आणि २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. संकेतस्थळ कोणतेही असो, तक्त्याचे गणित तेच राहते.

किती लोक लागतील, हे आधी कसे कळते?

पहिला प्रश्न ‘किती पैसे हवेत’ हा नसून ‘किती माणसे लागतील’ हा आहे. तीन गाजलेल्या मोहिमा शेजारी ठेवल्या तर हे स्पष्ट होते. २०१३ मध्ये ‘बी अँड पपीकॅट’ या मालिकेला १८,२०९ लोकांनी ८ लाख ७२ हजार डॉलर दिले, म्हणजे प्रत्येकी सरासरी ४८ डॉलर. त्याच वर्षी जपानच्या ‘ट्रिगर’ स्टुडिओने ‘लिटल विच अ‍ॅकॅडेमिया’च्या दुसऱ्या चित्रपटाची लांबी वाढवण्यासाठी दीड लाख डॉलर मागितले. त्यांना ७,९३८ लोकांनी सव्वासहा लाख दिले, सरासरी ७९ डॉलर. ‘व्हॉक्स मशिना’ची सरासरी १२८ डॉलर येते.

सरासरी फसवी असते हे खरे, कारण वरच्या पायरीवरची मोजकी मंडळी ती ओढून नेतात. तरी उद्दिष्ट भागिले अपेक्षित सरासरी हा हिशेब करायलाच हवा. ‘बी अँड पपीकॅट’चे मूळ उद्दिष्ट सहा लाख डॉलर होते. ४८ डॉलरच्या सरासरीने त्यासाठी साडेबारा हजार माणसे लागतात. ती आकाशातून पडली नाहीत. मालिकेचा पायलट दोन भागांत ‘कार्टून हँगओव्हर’च्या यूट्यूब चॅनेलवर आधीच आला होता आणि तो आवडलेल्यांकडेच पुढचे पैसे मागितले गेले. ‘लिटल विच’चा पहिला चित्रपटही यूट्यूबवर इंग्रजी सबटायटल्ससह मोफत उपलब्ध होता.

व्हार्टन स्कूलचे प्राध्यापक इथन मॉलिक यांनी २०१४ मध्ये किकस्टार्टरच्या हजारो मोहिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे, की यशस्वी मोहिमा सहसा उद्दिष्टापेक्षा थोड्याच पुढे जातात, पण फसणाऱ्या मोहिमा फार मागे राहून फसतात. म्हणजे एक कोटी डॉलरची उडी हा अपवाद आहे. तक्ता लिहिताना उद्दिष्ट जेमतेम पूर्ण होईल, असेच धरून चालायला हवे.

हिशेब सेकंदांत का मांडायचा?

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या तिघांच्या टीमला चार मिनिटांचा एक असे पाच भाग करायचे आहेत, एकूण २० मिनिटे. साधे टू-डी, कट-आउट पद्धतीचे ॲनिमेशन, म्हणजे पात्राचे हात, पाय, डोके वेगवेगळे काढून सांध्यांवर हलवायचे. आवाज, संगीत आणि तिघांचे मानधन धरून खर्च मिनिटाला ४० हजार रुपये. (ही रक्कम उदाहरणापुरती आहे. प्रत्येक टीमचा दर वेगळा निघेल.) म्हणजे एका सेकंदाला साधारण ६६७ रुपये.

आता बक्षिसांकडे या नजरेने पाहा. टी-शर्ट छापून घ्यायला ३५० रुपये, पॅकिंगला ५० आणि कुरिअरला ११० धरले, तर एक शर्ट ५१० रुपयांना पडतो. सेकंदात २४ फ्रेम असतात, त्या हिशेबाने हा एक शर्ट म्हणजे मालिकेतल्या १८ फ्रेम. १२० जणांना शर्ट दिले तर दीड मिनिट ॲनिमेशन गेले. त्याऐवजी सहा पोस्टकार्डे आणि स्टिकरचा संच दिला तर छपाई १५०, पॅकिंग ४० आणि कुरिअर ९० मिळून २८० रुपये होतात. १२० जणांचे मिळून ५० सेकंद. पायरीची किंमत दोन्ही वेळा तीच, १,५०० रुपये. फरक ४१ सेकंदांचा, आणि चार मिनिटांच्या भागात ४१ सेकंद म्हणजे एक अख्खा प्रसंग.

शर्टाची खरी अडचण पैशांपेक्षा साइजची आहे. पाच साइज, त्यातले काही जास्त छापावे लागतात, काही परत येतात, आणि परत आलेल्याचे कुरिअर पुन्हा टीमच्याच खिशातून जाते. पोस्टकार्डाला साइज नसते. सपाट असते, मोडत नाही, जाड पाकिटात जाते. पहिल्याच मोहिमेत शर्ट ठेवणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते.

पूर्ण तक्ता कसा दिसेल?

याच टीमने सहा लाखांचे उद्दिष्ट ठेवले आणि ५०० लोक आले असे धरू. २०० रुपयांच्या पायरीवर १२० जण : श्रेयनामावलीत नाव आणि डाउनलोड. ६०० वर २०० जण : त्याशिवाय डिजिटल आर्टबुक आणि स्टोरीबोर्डची पीडीएफ. १,५०० वर १२० जण : पोस्टकार्डे आणि स्टिकर. ३,५०० वर ५० जण : छापील आर्टबुक आणि पोस्टकार्डे. १०,००० वर फक्त १० जण : हे सगळे, शिवाय त्यांचे कुत्रे किंवा मांजर एका प्रसंगात मागे दिसेल. जमा होणारी रक्कम ५ लाख ९९ हजार.

आता वजाबाकी. संकेतस्थळाची फी, कार्ड किंवा यूपीआयचा खर्च आणि त्यावरचा जीएसटी मिळून १० टक्के धरले तर ६० हजार गेले. (किकस्टार्टर स्वतः ५ टक्के घेते, कार्डाची प्रक्रिया त्यावर ३ ते ५ टक्के.) १,५००ची पायरी ३३,६०० रुपये खाते. आर्टबुक आणि त्यासोबतच्या वस्तूंचा खर्च पाठवणीसह माणशी ७८० धरला तर ५० जणांचे ३९ हजार. वरच्या दहा जणांना तेच पुस्तक, शिवाय प्रत्येकाच्या प्राण्यासाठी चित्रकाराचे दोन दिवस, म्हणजे चार हजार. एकूण ४७,८००. हरवलेली आणि फाटलेली पाकिटे पुन्हा पाठवायला सहा हजार बाजूला. हे सगळे मिळून १ लाख ८६ हजार.

हातात राहिले साधारण ४ लाख १२ हजार, म्हणजे दहा मिनिटांचे ॲनिमेशन. २० मिनिटांची मालिका सहा लाखांत होत नाही, हे इथे, तक्त्यावरच कळते. मोहिमेनंतर कळले तर ५०० लोकांना उत्तर द्यावे लागते. टीमने या रकमेत दोनच भागांचे, आठ मिनिटांचे वचन द्यावे. त्याला ३ लाख २० हजार लागतात आणि ९२ हजारांची उशी राहते. वर्षभरात कोणी आजारी पडते, कोणाचा टॅब्लेट बिघडतो, साउंड स्टुडिओचे भाडे वाढते. उशी त्यासाठी.

उद्दिष्टापेक्षा जास्त आले तर? तिसरा भाग, मग चौथा. जास्तीचे पैसे आल्यावर द्यायच्या या वचनांना ‘स्ट्रेच गोल’ म्हणतात आणि इथे ‘व्हॉक्स मशिना’कडून घेण्यासारखी गोष्ट आहे : त्यांचे मोठे स्ट्रेच गोल म्हणजे आणखी भाग होते. उत्साहाच्या भरात ‘सात लाख झाले तर सगळ्यांना किचेन मोफत’ असे जाहीर केले, की २०० रुपये देणाऱ्यालाही कुरिअर करावे लागते आणि खालच्या पायरीचा जवळजवळ शून्य खर्च एकदम शंभरावर जातो. मिळालेली वाढ तिथेच संपते.

कुठल्या पायऱ्या महागात पडतात?

वरवर स्वस्त दिसणारी, पण वेळ खाणारी पायरी म्हणजे ‘तुम्हाला किंवा तुमच्या मांजराला मालिकेत आणू’. चित्र काढायला एक दिवस लागतो. ‘शेपूट अजून झुपकेदार हवी होती’ या संदेशांना तीन दिवस लागतात. म्हणून पायरीच्या मजकुरातच लिहावे : एक फोटो, एकदाच दुरुस्ती, अंतिम निर्णय टीमचा, कोणत्याही प्रसिद्ध व्यक्तीचा चेहरा चालणार नाही. शेवटची अट विनोदी वाटते. एखाद्या पाठीराख्याने लाडक्या नेत्याचा फोटो पाठवला की वाटणार नाही. संख्या दहावर बांधणेही गरजेचे. किकस्टार्टरवर एखादी पायरी कोणी घेतली की तिची रक्कम बदलता येत नाही, त्यामुळे हे आधीच लिहिलेले बरे.

‘मूळ चित्र मिळेल’ या वचनातही खोच आहे. आजचे बहुतेक ॲनिमेशन थेट संगणकावर होते, मूळ कागद नसतोच. देता येते ती सही केलेली प्रिंट किंवा स्टोरीबोर्डचे हाताने काढलेले पान, तर तसेच लिहावे.

दुसरा खड्डा परदेशातल्या पाठीराख्यांचा. न्यू जर्सी किंवा लंडनमधले मराठी कुटुंब पुस्तक मागवणार, हे गृहीत धरायला हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची शुल्कमाफी काढली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने अमेरिकेसाठीचे बुकिंग काही काळ थांबवले होते. ज्यांनी वर्षभर आधी ‘पाठवणी खर्च समाविष्ट’ असे लिहून पैसे घेतले असतील, त्यांची अवस्था अशा वेळी अवघड होते. सुरक्षित पद्धत म्हणजे परदेशी पाठवणीचे पैसे वस्तू तयार झाल्यावर, त्या वेळच्या दराने वेगळे घेणे आणि हे पानावर ठळक लिहिणे. किंवा परदेशासाठी फक्त डिजिटल पायऱ्या ठेवणे. पत्ताही तेव्हाच विचारावा, कारण दोन वर्षांत लोक घर बदलतात.

दोन वर्षे हा शब्द उगीच वापरलेला नाही. ‘लिटल विच’ची मोहीम २०१३ची, चित्रपट २०१५चा. ‘व्हॉक्स मशिना’ २०१९ मध्ये पैसे घेऊन जानेवारी २०२२ मध्ये आली. ‘लॅकडेझी’ या स्वतंत्र ॲनिमेशनपटाची मोहीम २०२०ची, तो यूट्यूबवर आला मार्च २०२३ मध्ये. म्हणून पोस्टकार्डे लवकर पाठवावीत, कारण त्यांना पात्रांची चित्रे पुरेशी असतात. आर्टबुक सर्वांत शेवटी, कारण त्यातली पाने मालिका पूर्ण झाल्याशिवाय तयारच होत नाहीत. दोन्ही एकाच पाकिटात टाकून कुरिअर वाचवायचे, की पहिले पाकीट लवकर पाठवून लोकांचा धीर टिकवायचा, हा निर्णय टीमचा. वरच्या हिशेबात एकच पाकीट धरले आहे.

व्हिडिओत काय दाखवायचे?

ॲनिमेशनच्या मोहिमेत व्हिडिओ हा नमुना असतो. बाकीच्या मोहिमांत माणूस कॅमेऱ्यासमोर बोलतो ते चालते. इथे पाहणारा एकच गोष्ट तपासत असतो : हे हलते का, आणि बघावेसे वाटते का? दोन मिनिटांचा व्हिडिओ पुरे.

पहिली दहा-बारा सेकंदे थेट मालिकेतला तयार प्रसंग हवा. लोगो, नमस्कार, ‘आम्हाला लहानपणापासून कार्टूनची आवड’ हे सगळे नंतर, किंवा नकोच. त्यापुढची वीसेक सेकंदे पात्र कोण, गोष्ट कशाची, यासाठी. मग टीमचे चेहरे आणि त्यांचे आधीचे काम. त्यानंतरचा भाग लोक टाळतात, पण विश्वास तिथेच बसतो : तोच प्रसंग आधी स्टोरीबोर्डमध्ये, मग ॲनिमॅटिकमध्ये, म्हणजे स्थिर चित्रांना आवाज आणि वेळ लावलेल्या कच्च्या रूपात, आणि शेवटी पूर्ण रंगात दाखवायचा. यातून काम कुठवर आले आहे ते न बोलता कळते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात रक्कम, ती कुठे जाणार, किती भाग मिळणार आणि शेवटची तारीख. बक्षिसांपैकी मधल्या दोनच दाखवाव्यात. पाचही दाखवल्या की व्हिडिओ दुकानाच्या जाहिरातीसारखा होतो.

सर्वांत मोठा धोका चांगल्या व्हिडिओचा आहे. टीम तीन महिने घालवून २० सेकंदांचा देखणा, फ्रेम-बाय-फ्रेम काढलेला प्रसंग करते. कपडे वाऱ्यावर उडतात, कॅमेरा फिरतो. लोक त्याच दर्जाचे पैसे देतात, आणि मिनिटाला ४० हजारांत तो दर्जा येत नाही. मालिका आली, की ‘ट्रेलरमध्ये वेगळे दाखवले’ या प्रतिक्रिया येतात आणि त्यात पाठीराख्यांची चूक नसते. उपाय साधा आहे. व्हिडिओतली २० सेकंदे मालिकेच्या दरानेच करायची, म्हणजे सुमारे १३,३०० रुपयांच्या कामात, आणि किती दिवस लागले ते लिहून ठेवायचे. दुप्पट लागले, तर मिनिटाचा दर ४० हजार नाही, ८० हजार आहे. वरचा तक्ता पुन्हा मांडायचा.

बहुतेक लोक हा व्हिडिओ मोबाइलवर, आवाज बंद ठेवून पाहतील. म्हणून सबटायटल्स चित्रातच हवीत, मोठ्या अक्षरांत. मुख्य कृती चौकटीच्या मधोमध ठेवली तर त्याच प्रसंगातून व्हॉट्सॲप स्टेटस आणि रील्ससाठी उभा तुकडा कापता येतो, नवे काम लागत नाही. पार्श्वसंगीत स्वतःचे किंवा परवाना घेतलेले असावे. चित्रपटातले गाणे तात्पुरते लावले आणि ऐन मोहिमेत व्हिडिओ कॉपीराइटमुळे उतरवला गेला, तर ते दिवस परत मिळत नाहीत.

तपासणी मोहिमेआधी करता येते. टीमला न ओळखणाऱ्या चार-पाच जणांना आवाज बंद करून फोनवर व्हिडिओ दाखवायचा आणि दोन प्रश्न विचारायचे : काय बनणार आहे? किती भाग? दुसऱ्याचे उत्तर चुकले तर शेवटचे अर्धे मिनिट पुन्हा करायचे. मोहीम सुरू झाल्यावर किकस्टार्टरच्या डॅशबोर्डवर व्हिडिओ किती जणांनी सुरू केला आणि कितींनी शेवटपर्यंत पाहिला ते दिसते. शेवटपर्यंत पाहणारे भरपूर आणि पैसे देणारे कमी असतील तर व्हिडिओ ठीक आहे, तक्त्यात गडबड आहे. बहुधा ६०० आणि ३,५०० यांच्यामध्ये घेण्यासारखे काही नसते.

पैसे आल्यावर काय?

२०१५ मध्ये मॉलिक यांनी किकस्टार्टरच्या पाठीराख्यांचे मोठे सर्वेक्षण केले. त्यात यशस्वी ठरलेल्या सुमारे ९ टक्के मोहिमांनी बक्षिसे दिलीच नाहीत असे आढळले. उशीर करणारे तर त्याहून कितीतरी जास्त.

जमलेली रक्कम आणि हातात येणारी रक्कम यांतही फरक पडतो, कारण काही कार्डे शेवटच्या दिवशी नाकारली जातात. त्यामुळे छपाईची ऑर्डर पैसे खात्यात आल्यावरच द्यावी. शिवाय ही रक्कम करांच्या हिशेबात येते. मोहीम फेब्रुवारीत संपली आणि खर्च एप्रिलनंतर झाला, तर जमा एका आर्थिक वर्षात आणि खर्च दुसऱ्यात, असा पेच होऊ शकतो. मोहिमेची तारीख ठरवण्याआधी सीएशी एकदा बोलून घ्यावे. अशा टीमसाठी जून किंवा जुलै सोयीचा ठरतो.